पगार हलत नसेल, तेव्हा काय मागावं?

नोकरीच्या ऑफरवर बोलणी सुरू असताना कधीतरी एचआरकडून ते वाक्य येतंच : "याच्या वर आम्हाला जाता येणार नाही." त्यावर काही जण तोच आकडा पुन्हा मागून पाहतात आणि काही जण मुकाट्याने होकार देतात. आणखी एक मार्ग आहे. पगार आहे तिथेच ठेवायचा आणि जादा रजा, घरून कामाचे दिवस, शिक्षणाचा खर्च किंवा पगाराचा लवकर आढावा यांपैकी काही मागायचं. मात्र कंपनीत या चार गोष्टींना मंजुरी देणारी माणसं वेगवेगळी असतात, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर वेगळ्या जागी लिहिली जाते. कोणाकडे काय मागायचं आणि ते कुठे लिहून घ्यायचं हे माहीत नसेल, तर फोनवर "हो, करू" मिळतं आणि रुजू झाल्यावर त्याचा पत्ता लागत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकची एक टेस्ट इंजिनिअर, सहा वर्षांचा अनुभव. पुण्यात हिंजवडीच्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीने तिला वर्षाला १४ लाखांचा निश्चित पगार देऊ केला आहे. तिची अपेक्षा १५ लाखांची होती. रुजू व्हायची तारीख १० नोव्हेंबर. एचआरने दोनदा विचारून पाहिलं, आकडा हलला नाही. आता पुढे काय?

आधी विचारा, अडलंय कुठे?

"वर जाता येणार नाही" या वाक्याच्या मागे साधारण तीन कारणं असतात. पहिलं, त्या ग्रेडचा पगाराचा पट्टा, म्हणजे बँड, तिथे संपतो. दुसरं, बँडमध्ये जागा आहे, पण या पदासाठी या आर्थिक वर्षात मंजूर झालेली रक्कम तेवढीच आहे. तिसरं, त्याच टीममधल्या जुन्या लोकांचे पगार आसपास आहेत आणि नव्या माणसाला जास्त दिलं तर कुरबुर होईल.

बाहेरून तिन्ही नकार सारखेच दिसतात, पण त्यांनुसार तुमची पुढची मागणी पूर्ण बदलते. बँडच संपला असेल, तर सहा महिन्यांनी पगाराचा आढावा मागण्यात फारसा अर्थ नसतो. कामगिरी उत्तम ठरली तरी बढतीशिवाय आकडा वर सरकायला जागाच नसते. अशा वेळी एक तर वरची ग्रेड मागावी, नाहीतर रजा आणि शिक्षण यांकडे वळावं. अडचण मंजूर रकमेची असेल, तर लवकर आढावा हीच सगळ्यात मोलाची मागणी, कारण एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष सुरू होतं आणि रकमेची गणितं नव्याने मांडली जातात. अडचण टीममधल्या समतोलाची असेल, तर सगळ्यांच्या नजरेला रोज पडणाऱ्या सवलती मिळणंही कठीण जातं. जादा रजा आणि घरून काम दोन्ही त्यात आले. शिक्षणाचा खर्च मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

म्हणून आकड्यावर आणखी झगडण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : "ही मर्यादा या ग्रेडची आहे, की या पदासाठी मंजूर झालेल्या रकमेची?" हे सांगायला एचआरला सहसा अडचण नसते, कारण त्यात कोणाच्या पगाराची गुप्तता मोडत नाही. आपल्या उदाहरणात उत्तर आलं, "ग्रेडमध्ये जागा आहे, पण या जागेसाठी सँक्शन एवढंच आहे." म्हणजे लवकर आढाव्याला अर्थ आहे.

लवकर आढावा : महिने मोजून मागा

पगारवाढीचं चक्र बहुतेक कंपन्यांत एप्रिल ते मार्च असं चालतं आणि त्याला पात्रतेची एक तारीख असते. उदाहरणार्थ, ३० सप्टेंबरपर्यंत रुजू झालेल्यांनाच येत्या एप्रिलची वाढ. कंपनीगणिक ही तारीख बदलते. काही ठिकाणी ती डिसेंबरअखेर असते, तर काही ठिकाणी उशिरा आलेल्यांना महिन्यांच्या हिशोबाने थोडी वाढ देतात. ऑफर लेटरमध्ये हे क्वचितच लिहिलेलं असतं, त्यामुळे ते विचारूनच घ्यावं लागतं.

आपल्या इंजिनिअरच्या कंपनीत तारीख ३० सप्टेंबर आहे असं समजू. ती नोव्हेंबरात रुजू होणार, म्हणजे येत्या एप्रिलला ती अपात्र. तिची पहिली वाढ त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये, सुमारे १७ महिन्यांनी. १४ लाखांचा आकडा तिला बारा महिन्यांसाठी दिसत होता, प्रत्यक्षात तो १७ महिने गोठलेला आहे. मागणीचा खरा आधार हाच. "मला जास्त हवंय" म्हणण्यापेक्षा "मी नोव्हेंबरात येतेय, त्यामुळे माझा पगार १७ महिने तसाच राहील, म्हणून १ जूनला एक आढावा ठेवूया" हे म्हणणं मॅनेजरला वर नेऊन मांडता येतं.

जूनमध्ये ७ टक्के वाढ मिळाली असं धरलं, तर वर्षाला ९८ हजार होतात. जून ते मार्च या दहा महिन्यांत त्यातले साधारण ८१ हजार ७०० रुपये हातात येतात, आणि पुढच्या एप्रिलची वाढ १४ लाखांवर न बसता १४ लाख ९८ हजारांवर बसते. सुरुवातीला हुकलेल्या एका लाखाची भरपाई लगेच होत नाही, पण पाया वर सरकतो. चार मागण्यांपैकी पुढे मूळ पगारात रूपांतर होऊ शकणारी एवढी एकच आहे.

फसगतही इथेच सगळ्यात जास्त होते, कारण आढावा हा शब्द फार सैल आहे. कामगिरीचा आढावा वेगळा, पगाराचा वेगळा. सहा महिन्यांनी मॅनेजर तासभर बसून "छान चाललंय" म्हणेल आणि नोकरीत कायम केल्याचं पत्र हातात पडेल. कंपनीच्या लेखी आढावा झाला. तुमचा पगार तिथेच. म्हणून चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. आढावा पगाराचा आहे हे लिहिलेलं असावं. "सहा महिन्यांनंतर" असं मोघम न ठेवता तारीख असावी. कोणत्या कामावर निर्णय होणार ते दोन-तीन ओळींत असावं, आणि ते काम मोजता येण्यासारखं असावं. "टीमला हातभार लावणं" मोजता येत नाही. "रिग्रेशनच्या चाचण्या हाताने करणं बंद करून मार्चअखेर स्वयंचलित करणं" हे झालं की नाही ते सांगता येतं. चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात : या आढाव्यामुळे पुढच्या एप्रिलची पात्रता जाणार नाही, हे वाक्य. ते नसेल तर जूनमध्ये वाढ मिळते आणि एप्रिलमध्ये उत्तर येतं, "तुमचं यंदाचं होऊन गेलं."

वाढीची टक्केवारी लिहून देणं बहुतेक कंपन्या टाळतात. त्यावर हटून बसू नये. तारीख, निकष आणि पात्रता लेखी मिळाली, तर टक्केवारीविना झालेला करारही टिकतो. उलट नुसती टक्केवारी तोंडी मिळाली आणि तारीख नसेल, तर हातात काहीच नसतं.

रजा : दिवस किती, यापेक्षा कोणत्या खात्यात

रजा मागण्याआधी कायद्याने किती मिळते ते माहीत हवं, नाहीतर जे मुळातच आपलं आहे तेच सवलत म्हणून पदरात पडतं. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू होतो, त्या कामगारांना वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आणि ८ सणासुदीच्या भरपगारी सुट्ट्या मिळतात. वर्षात २४० दिवस काम केलं असेल, तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. नैमित्तिक रजा मात्र वर्षाअखेर बुडते. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना या तरतुदींचं संरक्षण नसतं, तिथे नेमणूकपत्र आणि कंपनीचं धोरण हेच प्रमाण.

जादा रजेची किंमत काढणं सोपं आहे. वर्षात कामाचे दिवस साधारण २६० धरले, तर १४ लाखांच्या पगारात एका दिवसाचे सुमारे ५,४०० रुपये होतात. पाच दिवस जादा मिळाले तर सुमारे २७ हजार. ही रक्कम कंपनीच्या खिशातून रोख जात नाही, त्यामुळे वित्त विभागाचा विरोध नसतो. अडचण असते ती संगणकातल्या रजेच्या खात्याची. ग्रेडनुसार वर्षाच्या रजा आपोआप जमा होतात, आणि एका माणसासाठी तो नियम बदलायचा तर एचआर प्रमुखांची अपवाद म्हणून मंजुरी लागते. "मला दरवर्षी पाच दिवस जास्त द्या" या मागणीला मोठ्या कंपनीत नकार येतो तो यामुळे.

नियम न बदलता देता येईल असं काही मागितलं, तर होकार लवकर येतो. तीन रूपं चालतात. एक, रुजू होताना एकदाच जमा केलेली रजा. जुन्या कंपनीत शिल्लक असलेली रजा सोडून येतोय, त्याबदल्यात पाच दिवस सुरुवातीलाच खात्यात टाका, ही मागणी एचआरला पटते. दोन, आधीच मंजूर झालेल्या तारखा. बहिणीचं लग्न फेब्रुवारीत असेल, तर त्या आठ दिवसांना आताच लेखी होकार घ्यावा. अनेक ठिकाणी प्रोबेशनमध्ये अर्जित रजा वापरता येत नाही आणि ऐन वेळी अर्ज केला की नकार मिळतो. तीन, ठरावीक दिवसांची बिनपगारी रजा घेण्याची मुभा. यात पगार कापला जातो, पण सुट्टी हक्काची होते. हे तिसरं रूप स्वीकारताना एक विचारून घ्यावं : बिनपगारी दिवसांमुळे बोनस किंवा वाढीची पात्रता कमी होते का?

जमा झालेली रजा पुढच्या वर्षी नेता येते का, नोकरी सोडताना तिचे पैसे मिळतात का, आणि मिळाले तर मूळ वेतनावर की एकूण पगारावर, हेही त्याच वेळी बघावं. रजेचे पैसे अनेकदा मूळ वेतनावरच काढले जातात, त्यामुळे वर धरलेले ५,४०० रुपये रोख हिशोबात त्याच्या निम्म्याने भरू शकतात. थोडक्यात, जादा रजा प्रत्यक्ष घेणार असाल तरच मागा. ज्या टीममध्ये असलेली रजाही कोणाला घेता येत नाही, तिथे पाच दिवस वाढवून काहीच हाती येत नाही.

घरून काम : धोरण एचआरचं, होकार मॅनेजरचा

घरून कामाचे दिवस हा बहुधा मॅनेजरच्या हातातला विषय. पण मॅनेजरच्या डोक्यावरही एक अट असू शकते : क्लायंटची. सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपन्यांत काही प्रोजेक्ट बंदिस्त विभागातून चालतात. त्याला ओडीसी म्हणतात. तिथे मोबाइलवर बंधनं असतात, वेगळं कार्ड लागतं, आणि क्लायंटशी झालेल्या करारानुसार काम त्या खोलीबाहेर नेता येत नाही. बँका आणि विमा कंपन्यांच्या कामात हे जास्त दिसतं. तुमचा प्रोजेक्ट असा असेल, तर मॅनेजरने मनापासून दिलेला होकारही चालत नाही. म्हणून पहिला प्रश्न : "हे काम ओडीसीतून होतं का?" उत्तर हो असेल तर ही मागणी सोडून द्यावी आणि त्याऐवजी कामाची वेळ बदलून मागावी. सकाळी साडेसातला येऊन साडेचारला निघता आलं, तर हिंजवडीच्या रस्त्यावरचा बराच वेळ वाचतो.

ओडीसीची अट नसेल, तर मागणी नेमकी ठेवावी. "लवचिकता हवी" म्हटलं की मॅनेजरला त्यात अंत नसलेली सवलत दिसते. "मंगळवार आणि गुरुवार घरून, बाकी तीन दिवस ऑफिसात, पहिले तीन महिने करून बघू" यात त्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतात. टीम ज्या दिवशी एकत्र बसते ते दिवस आधी विचारून घ्यावेत आणि त्यांना हात लावू नये. सोमवार-शुक्रवार मागितले की ते लांबलेल्या शनिवार-रविवारसारखे दिसतात, आणि काही ठिकाणी नेमकी तीच जोडी नाकारण्याचा रिवाज असतो.

या मागणीची मर्यादा नीट समजून घ्यावी. नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण पुणे ऑफिस असं लिहिलेलं असतं आणि कंपनीला ते बदलण्याचा अधिकार राखून ठेवलेला असतो. घरून कामाची परवानगी ही धोरणातून आलेली सवलत आहे. मॅनेजर बदलला, किंवा कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, की ती जाते. चारही मागण्यांत ही सगळ्यात नाजूक. म्हणून पगारातली मोठी तफावत घरून कामाच्या भरवशावर सोडू नये. आठवड्याला दोन दिवस, जाण्यायेण्याचे रोजचे अडीच तास आणि कामाचे ४५ आठवडे धरले तर वर्षाला २२५ तास वाचतात. ही बचत खरी आहे, पण तिची हमी वर्षभराच्या पलीकडे धरू नये.

"घर" म्हणजे कोणतं, हेही बोलून घ्यावं. आपली इंजिनिअर पुण्यात भाड्याने राहते आणि अधूनमधून नाशिकहून काम करायचा विचार करते. काही कंपन्यांत घरून काम म्हणजे नोंदवलेल्या पत्त्यावरूनच काम. महिन्यातून एक आठवडा नाशिकहून काम करायचं असेल, तर ते आधी सांगून लेखी घेतलेलं बरं. लॅपटॉप कोणत्या गावातून जोडला गेला ते आयटी विभागाला दिसतं.

शिक्षणाचा खर्च : फी, वेळ आणि बॉंड

शिक्षणाचा पैसा पगाराच्या खात्यातून येत नाही. तो विभागाच्या किंवा प्रशिक्षण विभागाच्या बजेटमधून येतो, आणि बऱ्याच कंपन्यांत ३१ मार्चला न वापरलेली रक्कम बुडते. म्हणून पगाराला "नाही" म्हणणारी कंपनी शिक्षणाला सहज "हो" म्हणते, विशेषतः वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत.

इथेही मोघम मागणी वाया जाते. "शिकायला पाठिंबा द्या" म्हटलं की एखाद्या ऑनलाइन व्हिडिओ कोर्सचं लॉगिन मिळतं, जे सगळ्यांना मिळतंच. त्याऐवजी परीक्षेचं नाव, फी आणि महिना सांगावा. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या क्लाउडची असोसिएट पातळीची परीक्षा १५० डॉलरची आणि प्रोफेशनल पातळीची ३०० डॉलरची असते, वर कर. अशा परीक्षेसोबत आणखी दोन गोष्टी मागाव्यात : परीक्षेचा दिवस कामाचा धरला जावा आणि तयारीसाठी महिन्यातून एक दिवस मोकळा मिळावा. फीपेक्षा हा वेळ अनेकदा जास्त मोलाचा ठरतो, कारण फी मिळूनही वेळेअभावी परीक्षा राहून गेलेली माणसं प्रत्येक टीममध्ये सापडतात.

पैसे कसे मिळणार हे विचारावं. कंपनी थेट फी भरते, की आधी तुम्ही भरायची आणि नंतर पावती दाखवून मागायची? नापास झालात तर? "उत्तीर्ण झाल्यावरच परतावा" अशी अट असेल, तर धोका तुमचा. कामाशी संबंधित प्रशिक्षणाची फी कंपनीने थेट भरली तर ती सहसा तुमच्या पगारात धरली जात नाही. तेवढीच रक्कम दरमहा भत्ता म्हणून घेतली, तर तिच्यावर कर लागतो. त्यामुळे थेट भरणा बरा.

मोठ्या रकमेच्या कोर्सला बॉंड जोडलेला असतो : इतके महिने नोकरी सोडायची नाही, सोडली तर पैसे परत. "असे बॉंड कोर्टात टिकत नाहीत" असं मित्रमंडळी सांगतात. त्यावर विसंबू नये. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार ठरवलेली रक्कम ही वसुलीची कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. पण त्या वादात उतरायची वेळच येऊ नये. सही करण्याआधी दोन बदल मागता येतात : परतफेड महिन्यांनुसार घटत जावी, म्हणजे बारा महिन्यांच्या बॉंडपैकी नऊ महिने भरले असतील तर पाव रक्कमच द्यावी लागेल, आणि कंपनीने स्वतः कामावरून कमी केलं तर काहीच वसूल होऊ नये. चाळीस हजारांच्या कोर्ससाठी दोन वर्षांचा बॉंड असेल, तर कोर्स स्वतःच्या पैशाने करणं परवडतं.

मागायचं कसं

चारही गोष्टी एकदम मागू नयेत. यादी लांबली की प्रत्येक माणूस आपल्या हातातली सगळ्यात स्वस्त गोष्ट देतो आणि प्रकरण मिटवतो. दोन मागाव्यात : एक पैशाशी जोडलेली, एक वेळेशी. आपल्या इंजिनिअरने १ जूनचा पगार आढावा आणि आठवड्याला दोन दिवस घरून काम या दोन निवडल्या. शिक्षणाचा खर्च तिने मनात राखीव ठेवला. पहिल्या दोन मागण्यांपैकी एक नाकारली गेली तर त्याबदल्यात तो मागायचा.

क्रमही महत्त्वाचा. आधी मॅनेजर, मग एचआर. मॅनेजरला माणूस हवा असतो, एचआरला नियम सांभाळायचा असतो. मॅनेजरने "मला हे मान्य आहे" असं लिहिलं, की एचआरपुढे प्रश्न उरतो तो कागदावर कसं बसवायचं एवढाच. तिचं मॅनेजरशी बोलणं साधारण असं होऊ शकतं :

"सर, १४ लाख या जागेचं सँक्शन आहे हे मला एचआरने सांगितलं, आणि मी ते मान्य करतेय. पण नोव्हेंबरात येत असल्यामुळे येत्या एप्रिलला मी पात्र नाही. पगार १७ महिने तोच राहतो. १ जूनला पगाराचा आढावा ठेवता येईल का? रिग्रेशनचं ऑटोमेशन मार्चपर्यंत पूर्ण करणं हा त्याचा निकष ठेवूया."

यात तिने पगाराचा विषय स्वतःच बंद केला आहे. मॅनेजरला दिलासा मिळतो, आणि नव्या मागणीवर बोलायला तो मोकळा होतो. घरची अडचण, ईएमआय, पुण्यातलं भाडं यांचा उल्लेख नाही, कारण त्यावर मॅनेजरला वरच्या लोकांसमोर काही मांडता येत नाही. हातात दुसरी ऑफर असेल तर खरी असेल तरच सांगावी.

"बघू", "तुम्ही या तरी, आपण ॲडजस्ट करू" असं उत्तर आलं, तर त्याला नकार समजून चालावं आणि नम्रपणे तारीख मागावी : "गुरुवारपर्यंत कळवाल का? शुक्रवारी मला ऑफरला उत्तर द्यायचंय." त्या दिवशीही काही कळलं नाही, तर राखीव ठेवलेली मागणी पुढे करावी.

कागद कोणता

पुष्कळ नेमणूकपत्रांत शेवटी एक कलम असतं : या पत्राआधी झालेली सर्व तोंडी व लेखी बोलणी या पत्रामुळे रद्द समजावीत. म्हणजे ऑफरच्या आधी मॅनेजरने पाठवलेला सुंदर इमेल, नेमणूकपत्रावर सही केल्यावर त्याच सहीने निकालात निघू शकतो. म्हणून ठरलेलं सगळं शक्यतो ऑफर लेटरच्या परिशिष्टात घ्यावं. ते शक्य नसेल, तर नेमणूकपत्र हाती आल्यानंतरच्या तारखेचा, एचआरने उत्तर दिलेला इमेल घ्यावा.

हा इमेल प्रत्यक्षात इंग्रजीतच जाईल. आशय एवढाच असावा :

"आपल्या बोलण्यानुसार पुढील गोष्टी नेमणूकपत्रातील अटींसोबत लागू राहतील. एक, १ जून रोजी पगाराचा आढावा होईल. निकष सोबत जोडले आहेत. या आढाव्यामुळे पुढील एप्रिलच्या वाढीची पात्रता बाधित होणार नाही. दोन, मंगळवार व गुरुवार घरून काम, पहिले तीन महिने, त्यानंतर आढावा. कृपया याला दुजोरा द्यावा."

सगळी ताकद दुजोऱ्यात आहे. तुम्ही पाठवलेला आणि कोणीच उत्तर न दिलेला इमेल कमकुवत पुरावा ठरतो. "आधी जॉइन करा, मग लिहून देऊ" असं म्हणणारी कंपनी बहुधा नंतरही लिहून देत नाही. इमेलची प्रत स्वतःच्या खासगी मेलवरही असू द्यावी, म्हणजे ऑफरच्या काळातला पत्रव्यवहार तिथूनच करावा. ऑफिसचा मेल नोकरी संपली की बंद होतो.

कुठे थांबावं

आधीपासून नोकरीत असाल, तर हेच सगळं लागू होतं, फक्त वेळ बदलते. वाढीचं पत्र हातात पडल्यावर आकडा हलत नाही, पण शिक्षणाचं बजेट त्याच सुमारास नव्याने आलेलं असतं. लवकर आढावा मात्र पत्र येण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत मागावा, जेव्हा मॅनेजर पुढच्या वर्षाचे आकडे वर पाठवत असतो.

या चार गोष्टींनी सगळंच भरून निघत नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी वेतनावर ठरतात. पुढची कंपनी सध्याचा पगार विचारते, सध्याची रजा विचारत नाही. म्हणून देऊ केलेला पगार बाजारातल्या नेहमीच्या पातळीहून बराच कमी असेल, तर पाच दिवस रजा आणि दोन दिवस घरून काम घेऊन ऑफर स्वीकारणं म्हणजे पुढच्या दोन-तीन नोकऱ्यांचा पाया खाली नेणं. आपल्या उदाहरणात तफावत सुमारे ७ टक्क्यांची आहे, आणि लेखी आढाव्याने ती वर्षभरात भरून निघू शकते. तीच तफावत २५ टक्क्यांची असती, तर चारही गोष्टी मिळूनही नकार देणंच शहाणपणाचं ठरलं असतं.

सही करण्याआधी शेवटची एक चाचणी करावी. आज होकार देणारा मॅनेजर तीन महिन्यांत कंपनी सोडून गेला असं धरावं. मग मिळालेल्यापैकी काय उरतं ते कागद समोर ठेवून पाहावं. तारखेसह लिहिलेला पगार आढावा उरतो, खात्यात जमा झालेली रजा उरते, भरलेली फी उरते. घरून कामाचे दोन दिवस नव्या मॅनेजरच्या मर्जीवर जातात. जे उरतं तेवढं मिळूनही ही ऑफर घ्यावीशी वाटत असेल, तर होकार द्यावा.